तेच डीएमटी: ओढलं तर पंधरा मिनिटं, प्यायलं तर अख्खी रात्र

"डीएमटी ओढलं तर दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपतं म्हणतात. कोथरूडचा माझा मावसभाऊ पेरूला जाऊन आयावास्का प्यायला, त्याची अख्खी रात्र गेली. द्रव्य एकच ना? मग असं का? तो एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी घेतो आणि परत जायचं म्हणतोय."

डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य दोन्हीकडे एकच, पण आयावास्काच्या काढ्यात त्याच्या जोडीला आणखी एक वेल असते. इथे पुण्यात फार्मसीच्या मुलांना शिकवताना मी हे उदाहरण हमखास घेतो, कारण यकृत काय करतं ते यात लख्ख कळतं.

बुडापेस्टच्या स्टीफन सारा यांनी १९५६ च्या सुमारास डीएमटी स्वतःवरच करून पाहिलं. तोंडाने घेतलं तर ढिम्म काही झालं नाही. स्नायूत टोचल्यावर मात्र काही मिनिटांत आकृत्या दिसू लागल्या आणि तासाभरात ओसरल्या. कारण असं, की गिळलेलं डीएमटी आतडं आणि यकृत ओलांडतानाच 'माओ' नावाच्या विकराच्या तावडीत सापडतं आणि मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

धूर ही वाट टाळतो. फुप्फुसातून रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून लगेच मेंदूकडे जातं, यकृत मध्ये येत नाही. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाच्या ज्या ग्राहींवर डीएमटी बसतं, ते काही सेकंदांतच व्यापले जातात. माणूस गांगरतो तो या वेगाने. सावरायला, 'हे औषधामुळे होतंय' एवढं स्वतःला सांगायलाही उसंत मिळत नाही. पण रक्त फिरत राहतं, यकृतातून जातं आणि माओ आपलं काम उरकतं. दोन-पाच मिनिटांत शिखर, साधारण वीस मिनिटांत माणूस बराचसा भानावर. अनुभव आखूड असतो तो मुख्यतः या सफाईमुळे, मेंदू कंटाळतो म्हणून नव्हे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये शिरेतून सतत डीएमटी देत राहिले, तर अनुभव अर्धा तास टिकून राहिला.

आयावास्कात डीएमटी येतं चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांतून. वेलीतल्या हार्मिन आणि हार्मलिनमुळे माओ काही तास थंडावतं, म्हणून प्यायलेलं डीएमटीही रक्तात उतरतं. मात्र आतड्यातून हळूहळू. सुरुवातीलाच अर्धा-पाऊण तास लागतो, मग चार-सहा तास लाटा येत राहतात. सोबत उलट्याही, त्या तिथे अपेक्षितच धरतात.

आता भावाबद्दल, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. एस्सिटालोप्राममुळे सेरोटोनिन पेशींबाहेर साचतं, आणि त्याच वेळी वेलीने माओ अडवलं तर ते मोडायचं कोणी? अंगाला झटके, स्नायू ताठरणं, दरदरून घाम, ताप चढणं, बरळणं असं दिसलं तर तो 'काढ्याचा गुण' समजून बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावं. हा सेरोटोनिन सिंड्रोम जिवावर बेतू शकतो. मागच्या वेळी निभावलं म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असं नाही, कारण काढ्यात वेलीचा अंश दर खेपेला वेगळा असतो. आणि जायचं म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. अचानक सोडली की चक्कर, बेचैनी येऊ शकते, मूळ आजारही उलटू शकतो. तिकीट काढण्याआधी त्याला त्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा आणि आयावास्काचं नाव घेऊन स्पष्ट विचारायला सांगा. भारतात डीएमटी एनडीपीएस कायद्याखाली येतं, तेव्हा येताना बाटली आणण्याचा विचारही नको.