‘गोड बातमी कधी?’ आणि सासरचा ग्रुप

‘सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर फॉरवर्ड, कोणाची तरी उणीदुणी आणि मधूनच ‘गोड बातमी कधी?’ उत्तर दिलं तर मी उद्धट, नाही दिलं तर शिष्ट, ग्रुप सोडला तर घर तोडणारी. नवरा म्हणतो, वाचूच नकोस. काय करू?’

माझ्याकडे आलेल्या एकीची हकिकत सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. वय चौतीस, नोकरी फोर्टात, घर बोरिवलीला, सासर गिरगावातलं. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. दोघांचे उपचार सुरू होते आणि ते घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ग्रुपवर सव्वीस माणसं. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की ती फोन उघडायची आणि अंधेरी येईपर्यंत दिवस नासलेला असायचा.

तिची पहिली मागणी होती, ‘त्यांना गप्प कसं करायचं ते सांगा.’ ते मला येत नाही, कोणालाच येत नाही. आतेसासूबाईंनी काय पाठवावं हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. आलेल्या मेसेजचं आपण काय करायचं, हे मात्र पूर्ण तिच्या हातात होतं. मर्यादा घालायची ती तिथेच.

आधी तिला एक आठवडा वहीत टिपायला सांगितलं. मेसेज कोणाचा, कोणाबद्दल, आणि तो वाचल्यावर पुढच्या दहा मिनिटांत तिने काय केलं. तिसरा रकाना बहुतेकांना निरर्थक वाटतो, पण माझा डोळा त्याच्यावरच असतो.

वही घेऊन आली तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. मेसेजचा ढीग होता, पण त्यातले बहुतेक सुप्रभात, हळदीच्या दुधाचे फायदे, राजकारण आणि सासऱ्यांचे ‘तरुण पिढीने जरूर वाचावे’ छापाचे लेख. ते वाचून ती चिडायची आणि विसरायची. दुसरा गठ्ठा कुजबुजीचा होता. तिच्या चुलत जावेचा घटस्फोट चालला होता आणि त्या जावेला वगळून एक वेगळा ग्रुप काढला होता. तिसरा गठ्ठा, म्हणजे थेट तिच्यावर रोख असलेले मेसेज, आठवड्याभरात जेमतेम पाच-सहा आणि एक सोडून बाकी सगळे आतेसासूबाईंचे. सव्वीस माणसांचा त्रास मुळात एकाच माणसाचा निघाला. असं वारंवार निघतं, म्हणून मोजायला लावते.

तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नोंद होती. ‘ह्यांना फोन केला.’ नवरा ऑफिसात, मीटिंगला निघालेला. तो म्हणायचा, ‘सोड ना, आत्याचा स्वभावच तसा.’ मग संध्याकाळपर्यंत दोघांत अबोला. भांडण ग्रुपवर होत नव्हतंच, ते बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत होत होतं.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली. व्हॉट्सॲपवर खूप हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. ‘तिशीनंतर मातृत्वाचे धोके’ या लेखावर तो होता. म्हणजे लेख आतेसासूबाईंनी लिहिलेला नव्हता, निवडलेलाही असेलच असं नाही, कुठून तरी आला आणि पुढे ढकलला. पण त्याखाली त्यांनी स्वतः टाइप केलेली एक ओळ होती, ‘काहींनी मुद्दाम वाचावा 🙏’. उत्तर द्यायचं असेल तर ते त्या ओळीला. लेखातली आकडेवारी खोडत बसणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. वाद जिंकतात आणि पुढच्या रविवारी जेवणाच्या ताटावर हरतात.

फॉरवर्डांचं काम दोन मिनिटांत उरकलं. ग्रुप कायमचा म्यूट केला, अर्काइव्हमध्ये टाकला, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद केलं. अर्काइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी वर येत नाही, मात्र कोणी तिचं नाव घेऊन हाक मारली किंवा तिच्याच मेसेजला उत्तर दिलं तर कळतं. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. निळी टिक बंद केली की आपण वाचलं ते कळत नाही असं वाटतं. व्यक्तिगत चॅटमध्ये ते खरं आहे, ग्रुपमध्ये ती बंद होत नाही. मेसेज धरून माहिती उघडली की कोणी वाचला ते दिसतं, आणि आतेसासूबाईंना ते उघडता येत होतं. म्हणून गुपचूप वाचत राहण्यात अर्थ नव्हता. ठरलं असं की ग्रुप रात्री जेवण आवरल्यावर एकदा उघडायचा, दोघांनी मिळून, पंधरा मिनिटं. लोकलमध्ये नाही.

खरं काम पुढे होतं. मी नवऱ्याला बोलावलं. माझा नियम साधा आहे. ज्याचं माणूस, त्याने बोलायचं. सुनेने आतेसासूला सांगितलं तर तो उद्धटपणा होतो, भाच्याने सांगितलं तर फार तर हट्ट. आणि बोलायचं फोनवर किंवा समोर बसून, ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर पंचवीस माणसं बघत असताना कोणीही माघार घेत नाही.

त्याने तयार करून आणलेलं वाक्य असं होतं, ‘आत्या, तू असे मेसेज पाठवू नकोस, तिला खूप त्रास होतो.’ नवरे मनापासून असंच बोलतात आणि दोन गोच्या करून ठेवतात. एक तर बायकोला नाजूक ठरवतात, मग आत्या म्हणणार, ‘इतकं काय मनाला लावून घ्यायचं!’ दुसरं म्हणजे आत्याने काय करायचं ते सांगतात, आणि ते तिने नाही ऐकलं तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही. आम्ही ते बदललं. ‘आत्या, मुलाचा विषय आमचा दोघांचा आहे. त्यावर आम्ही ग्रुपवर काहीच बोलणार नाही. तुला विचारावंसं वाटलं तर मला फोन कर.’ कारण दिलेलं नाही हे मुद्दाम. कारण दिलं की त्या कारणावर चर्चा सुरू होते. उपचारांचं तर अजिबात सांगायचं नव्हतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिरगावातून तीन डॉक्टरांची नावं आणि एक नवस आला असता.

मग माझ्या खोलीत तालीम केली. मी आत्या झाले. ‘म्हणजे मी परकी झाले का रे?’ तो लगेच विरघळला, ‘नाही गं, तसं नाही...’ आणि वाक्य हरवून बसला. पुन्हा केलं. ‘परकी नाहीस, म्हणून तर फोन करून सांगतोय. पण यावर ग्रुपवर नाही बोलणार.’ मी रडले, टोमणे मारले, त्याच्या वडिलांचं नाव काढलं. प्रत्येक वेळी त्याने शेवटची ओळ तीच म्हणायची होती, आवाज न चढवता आणि नवीन काही न जोडता. चौथ्या खेपेला जमलं.

फोन झाला. आत्या ‘बरं’ म्हणाल्या. चार दिवस ग्रुपवर एकदम शांतता. मग सासूबाईंचा फोन, ‘तुम्ही काय बोललात? वन्सं रडत होत्या.’ त्याच आठवड्यात ग्रुपवर तीन फॉरवर्ड लागोपाठ, ‘हल्लीच्या मुलांना मोठ्यांचा सल्ला नको असतो’ अशा अर्थाचे. ती घाबरून आली. ‘बघा, उलट वाढलं.’

वाढणारच होतं, आणि मी तसं आधी सांगूनही ठेवलं होतं. जो मेसेज टाकला की आजवर हमखास काहीतरी मिळत होतं, खुलासा, रुसवा, निदान घाईघाईचं ‘हो आत्या’, तो टाकून काहीच मिळेना की माणूस आधी जोर वाढवतो. बहुतेक जण इथेच ढासळतात, चौथ्या फॉरवर्डला उत्तर देतात. मग समोरच्याला एवढंच कळतं की तीनने भागत नाही, चार टाकावे लागतात. त्या टप्प्यात अधूनमधून उत्तर देणं हे रोज उत्तर देण्यापेक्षा वाईट.

पण नुसतं गप्प राहणं म्हणजे सासरच्यांच्या लेखी रुसून बसणं. म्हणून दुसरीकडे हात पुढे करायचा ठरलं. गणपतीच्या आधी तिने आतेसासूबाईंना वेगळा मेसेज केला, ‘आत्या, तुमच्या मोदकांची उकड चिरत नाही, पाणी किती घेता?’ सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. त्यात मुलाबद्दल एक अक्षरही नव्हतं. हा डावपेच नव्हे. मोदक त्यांचे खरोखरच चांगले असतात, आणि ज्या बाईला सल्लाच द्यायचा होता तिला तो देण्याजोगी जागा मिळाली.

जावेविरुद्धच्या ग्रुपचं प्रकरण वेगळं. तिथे तिने एक-दोनदा हसरे चेहरे टाकले होते आणि तेच तिला रात्री टोचत होतं. आज हिच्यावर, उद्या माझ्यावर. तो ग्रुप तिने सोडला. व्हॉट्सॲपवर आता ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, पण बाहेर पडलेल्यांची नावं ६० दिवस ग्रुपच्या माहितीत दिसतात, तेव्हा ‘कोणाला कळणार नाही’ या भरवशावर सोडू नये. उत्तर तयार ठेवून सोडावा. नणंदेने विचारलंच, ‘का गं?’ तिने सांगितलं, ‘तिच्या पाठीमागे बोलताना मला अवघडतं. मोठ्या ग्रुपवर आहेच की मी.’ त्यावर नणंद फक्त ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात आम्ही वेळ घालवला नाही.

ही रीत कुठे पुरत नाही तेही सांगायला हवं. सासू-सून एकाच स्वयंपाकघरात असतील तर फोन म्यूट करून काय होणार? तिथे बोलणं समोरासमोरच करावं लागतं आणि वेळ जास्त लागतो. आणि मेसेजची भाषा ‘वांझ’, ‘दुसरी बघू’ अशी झाली किंवा नवराच त्यात सामील असेल, तर मी मर्यादेची वाक्यं शिकवत बसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मूल नसण्यावरून केलेला अपमान आणि हेटाळणी शाब्दिक व भावनिक छळात स्पष्टपणे मोडते. तेव्हा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवावेत, ग्रुप सोडण्याची घाई करू नये आणि महिला हेल्पलाइन १८१ वर बोलावं.

हिच्याकडे तशी वेळ आली नाही. दिवाळीच्या सुमारास आतेसासूबाईंनी भाच्याला फोन करून एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, ‘सांगण्यासारखं असेल तेव्हा आम्हीच सांगू.’ त्यांनी पुढे विचारलं नाही. सासऱ्यांचे लेख अजून येतात. सासूबाई अजून मधूनच ‘वन्संना वाईट वाटलं होतं हो’ म्हणतात आणि त्यावर दोघांनाही काय बोलावं सुचत नाही. ते आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवलं आहे.