एका रेघेचं कमळ

सांगलीच्या मावशीच्या दारातल्या रांगोळीच्या कमळाचा फोटो पाठवते आहे. ठिपके रेघेखाली गेलेत. ते किती, आणि जोडले कसे?

हे हृदयकमळ, मूळ दक्षिणेकडचं. कर्नाटक इतकं जवळ असल्यावर ते सांगलीच्या अंगणात दिसलं, यात नवल नाही. फोटो उभ्याने काढलाय, म्हणून पलीकडच्या पाकळ्या चेपलेल्या दिसतात. तेव्हा मापं घेऊ नका, मोजा. बाहेरची टोकं 8, म्हणजे मधून निघणारे आरे 8. एका टोकापासून सरळ मध्याकडे बोट न्या. रेघ त्या आऱ्यावर जिथे जिथे वळते, तिथे ठिपका होता. तुमच्या फोटोत अशा जागा 5 आहेत. एकूण 40 ठिपके.

आतून बाहेर 1 ते 5 मोजा. पहिल्या आऱ्याच्या 1 वरून निघून पुढच्याच्या 3 वर, मग 5, 2, 4, पुन्हा 1, 3, 5, असं एकेका आऱ्याने पुढे जा. आठ आरे संपवून पहिल्यावर परत याल तेव्हा चिमूट 2 वर पडली पाहिजे. पुढच्या फेरीला 3, मग 4, मग 5, आणि पाचवी फेरी संपताना पुन्हा 1. कमळ पूर्ण. दुसऱ्या फेरीला 2 चुकला, तर एखादा आरा सुटलाय. तिथेच पुसा, पुढे काढत राहू नका.

मोठं दिसावं म्हणून मी 10 आरे घेतले. रेघ पहिल्याच फेरीत 1 ला येऊन मिळाली. चूक कुठे झाली?

हात चुकला नाही, आकडा चुकला. 1-3-5-2-4 हा क्रम दर पाच आऱ्यांनी पुन्हा सुरू होतो. 10 आऱ्यांत तो नेमका दोनदा बसतो, म्हणून रेघ निघाली तिथेच परत आली. बाकीचे ठिपके जोडायला आणखी चार वेगळ्या रेघा लागतील. 8 ला 5 ने भाग जात नाही, म्हणून रेघ प्रत्येक फेरीला ठिपकाभर सरकते. मोठं हवं असेल तर 12 आरे घ्या, रेघ एकच राहील. आऱ्यांमधलं अंतर मात्र सारखं हवं. पाट ठेवून आधी चार आरे फुलीसारखे आखा आणि प्रत्येक चौकोनी कोपऱ्यात दोन आरे भरा.

मधली जागा रिकामी का? तिथे फूल काढलं तर चालेल का?

रेघ 1 च्या आत जातच नाही, त्यामुळे मध्य आपोआप मोकळा राहतो. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात हृदयाला लहानसं कमळ म्हटलंय आणि त्यातल्या आकाशात जे आहे त्याचा शोध घ्यायला सांगितलंय. हृदयकमळ हे नाव ऐकलं की मला तो रिकामा मध्यच आठवतो. आठ पाकळ्या आठ दिशांच्या, हे आपण कलशाखालच्या अष्टदळामुळे जाणतोच. फूल काढू नका असं मी म्हणणार नाही. मी तिथे फक्त हळदकुंकवाची चिमूट सोडते, संध्याकाळ असेल तर निरांजन ठेवते.