गूगलवरून आलेलं गिऱ्हाईक खरंच गूगलचं असतं का?

प्रश्न: इन्स्टा आणि गूगल दोन्ही जाहिराती आपल्यामुळेच ऑर्डर आल्या म्हणतात. बिलिंगला गिऱ्हाइकाला विचारून खरं कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, पण एक उपप्रश्न हवाच. वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं फराळाचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत नवी गिऱ्हाइकं ६०, पण इन्स्टा चालवणाऱ्या मेटाने ३८ आणि गूगलने ३१ ऑर्डर आपल्या खात्यात मांडल्या. बेरीज ६९! दोघं एकमेकांचं बघत नाहीत, म्हणून एकच ऑर्डर दोनदा मोजली जाते. शिवाय मेटा सहसा सात दिवसांतला क्लिक आणि एका दिवसात नुसती दिसलेली जाहिरातही धरतं.

आम्ही फोनवर आणि गल्ल्यावर विचारलं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" पर्याय वाचून दाखवले नाहीत, नाहीतर लोक पहिलाच पकडतात. ५२ जणांनी सांगितलं: ओळखीतून २१, गूगल १३, इन्स्टा १२, आठवत नाही ६.

गूगलवाल्यांना पुढे विचारलं, "काय टाइप केलं होतं?" तेरांपैकी नऊ जणांनी दुकानाचं नावच टाकलं होतं! म्हणजे नाव आधीच कुणीतरी सांगितलेलं, गूगलने फक्त पत्ता दाखवला. मग दुकानाचं नाव शोधल्यावर दिसणारी गूगलची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवली. ऑर्डर जवळजवळ तेवढ्याच राहिल्या.

मात्र लोक शेवटचं पाहिलेलंच सांगतात, रील विसरतात. त्यामुळे इन्स्टाचा आकडा यात कमी दिसतो, तेवढ्यावरून ती जाहिरात बंद करू नका. आणि जुन्या गिऱ्हाइकांना विचारू नका हो, आमच्या एका काकूंनी "तुझ्या आजोबांकडून" सांगितलं.