घाईचा अधिभार आणि बिलातून कापलेले तीन हजार

प्रश्न: मी स्वतंत्रपणे भाषांतराची कामे करते. ऑगस्ट 2025 मध्ये एका खासगी कंपनीला ईमेलने कोटेशन पाठवले: मूळ मजकुराच्या प्रत्येक शब्दाला अडीच रुपये, 72 तासांच्या आत हवे असल्यास 25 टक्के जादा, आयकर कपात नियमानुसार. शुक्रवारी संध्याकाळी सहाला उत्तर आले, ‘सोमवारी सकाळी दहापर्यंत पाहिजे, काम सुरू करा.’ 12,000 शब्द वेळेत दिले आणि 37,500 रुपयांचे बिल लावले. काम दिल्यानंतर आलेल्या पर्चेस ऑर्डरमध्ये मात्र 30,000 रुपयेच होते. सप्टेंबरमध्ये दहा टक्के टीडीएस कापून 27,000 रुपये खात्यात आले. अधिभार कबूल केलाच नव्हता, असे लेखा विभाग म्हणतो. या कंपनीचे वर्षातले हे एकच काम. मी काय करावे?

उत्तर: कंपनीकडून 7,500 आणि 3,000 अशा दोन रकमांचा हिशेब आपल्याला मागायचा आहे. दोन्हींचा कायदेशीर आधार वेगळा असल्याने पत्रात त्या एकत्र करून 10,500 रुपयांची मागणी करू नये.

आधी अधिभाराचे पाहू. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 नुसार प्रस्तावाचा स्वीकार बिनशर्त असावा लागतो. कंपनीच्या उत्तरात दराबद्दल कोणतीही हरकत किंवा दुरुस्ती नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी दहापर्यंत 64 तास होतात. आपल्या कोटेशनमध्ये ज्या मुदतीसाठी जादा दर लिहिला होता, नेमकी तीच मुदत कंपनीने स्वतःहून मागितली, तेव्हा ‘अधिभार मान्य’ असे शब्द उत्तरात नसले तरी त्या दरासह प्रस्ताव स्वीकारला गेला, असेच मी म्हणेन. ईमेलवर झालेला करारही वैधच असतो. त्या उत्तरात ‘30,000 रुपयांत करा’ असे असते, तर तो कंपनीचा प्रतिप्रस्ताव ठरला असता आणि तो वाचून काम सुरू केल्याने आपण त्याला संमती दिली असे झाले असते. म्हणून ती ईमेल साखळी पुन्हा एकदा शब्दशः वाचून पाहा, आणि मधल्या काळात फोनवर दराबद्दल काही बोलणे झाले असेल तर तेही आठवून लिहून ठेवा.

पर्चेस ऑर्डर काम दिल्यानंतर आली, त्यामुळे तिने आधीचा करार बदलत नाही. कलम 62 प्रमाणे बदलाला दोन्ही पक्षांची संमती लागते. मला खरी काळजी वाटते ती कलम 63 ची. येणे असलेल्या रकमेऐवजी कमी रक्कम घेऊन समाधान मानण्याची मुभा ते कलम देते, आणि आपण आजवर गप्प राहिला असाल तर कंपनी त्याचाच आधार घेईल. म्हणून ‘27,000 रुपये बिलापोटी अंशतः मिळाले, उर्वरित रक्कम येणे आहे’ असे आजच ईमेलने कळवा, आणि ‘पूर्ण व अंतिम’ असा मजकूर असलेल्या कोणत्याही पावतीवर सही करू नका.

आता टीडीएस. ही कपात सप्टेंबर 2025 ची असल्याने तिला 1961 चा आयकर कायदाच लागू होतो. नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. दहा टक्के कापले याचा अर्थ कंपनीने हे काम कलम 194J खालील व्यावसायिक शुल्क मानले, आणि त्या शुल्कासाठी 1 एप्रिल 2025 पासून वार्षिक मर्यादा 50,000 रुपये आहे. अधिभार धरूनही आपले येणे 37,500 च होते. आपण कोटेशनमध्ये ‘नियमानुसार’ कपात मान्य केली होती, आणि नियमाने येथे कपात लागत नव्हती.

तरीही ते तीन हजार बुडाले असे समजू नका. टीडीएस हा आपल्याच नावावर आगाऊ भरला जाणारा कर असतो. म्हणून आधी आयकर पोर्टलवरून आपले 26AS, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचे विवरण, काढून पाहा. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचे विवरण कंपनीने 31 ऑक्टोबरपर्यंत आणि कपातीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 16A त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायचा होता. नोंद दिसत असेल, तर ही रक्कम कंपनीकडे मागू नका. 2025-26 च्या विवरणपत्रात तिचे श्रेय घ्या, म्हणजे ती करात वळती होईल किंवा परत मिळेल. नोंद नसेल, तर बिलावरचा पॅन बरोबर आहे ना हे तपासून कंपनीकडे चलनाचा तपशील मागा. पैसे कापून भरलेच नसतील, तर ते भरून आपल्याला 16A द्या किंवा 3,000 रुपये परत करा, असा स्पष्ट पर्याय पत्रात द्या.

अधिभारासाठी कोटेशन, होकाराचा ईमेल, काम पाठवल्याची वेळ आणि बिल जोडून पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दाव्याचा सल्ला मी सहसा देत नाही, मात्र दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. काम घेण्यापूर्वीच आपली उद्यम नोंदणी झालेली असेल, तर बाजू बरीच भक्कम होते: सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, 2006 खाली जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि सुविधा परिषदेकडे थेट अर्ज करता येतो. नोंदणी नंतरची असेल, तर या कामासाठी तिचा आधार घेऊ नका.