‘मला वाटतं की…’ इथेच भांडण सुरू होतं

एका घरात राहणाऱ्या रूममेट्सची पत्रं बरीच साठली आहेत. ‘अहिंसक संवाद’ ही समोरच्याला दोष न देता बोलण्याची चार पायऱ्यांची पद्धत वापरताना बहुतेकांचा घोळ एकच होतो, म्हणून एकत्र उत्तरं देते.

निरीक्षण, भावना, गरज, विनंती. बोलताना हाच क्रम ठेवायचा का?

शिकताना ठेवा. जमायला लागलं की क्रमाचं ओझं बाळगू नका.

रूममेट मध्यरात्री हॉलमध्ये फोन स्पीकरवर टाकून बोलते. मी शांतपणे म्हणाले, ‘मला वाटतं की तू माझा विचारच करत नाहीस.’ भावनाच सांगितली ना? तरी ती भडकली.

भडकणारच. तुम्ही भावना सांगितलीच नाहीत, तिच्यावर ठपका ठेवलात.

मराठीत ‘वाटणं’ दोन कामं करतं. ‘मला भीती वाटते’ ही भावना झाली. ‘मला वाटतं की तू स्वार्थी आहेस’ हे मत झालं. ‘वाटतं’ला ‘की’ चिकटला की पुढे बहुधा समोरच्याचा निवाडाच येतो. त्याहून फसवं म्हणजे ‘गृहीत धरल्यासारखं वाटतं’, ‘वापरून घेतल्यासारखं वाटतं’. इथे ‘की’ नाही, पण गृहीत कोणी धरलं? तिनेच. आरोपी वाक्यात लपून बसलाय आणि तिला तो लगेच दिसतो. वैताग, थकवा, काळजी, धास्ती या शब्दांत असा आरोपी नसतो. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकापासून ही पद्धत बांधली, तेव्हा हा भेद आवर्जून केला. आपल्या क्रियापदामुळे आपण त्यात जास्तच अडखळतो.

आता तुमचंच भांडण घेऊ. निरीक्षणात कॅमेऱ्याला जे टिपता येईल तेवढंच सांगायचं. ‘तू रोज रात्रभर बोलतेस’ म्हणालात की ती ‘रविवारी कुठे बोलले?’ म्हणेल आणि वाद रविवारवर जाईल. त्याऐवजी म्हणा, ‘सोमवारी आणि बुधवारी साडेबारानंतर तू हॉलमध्ये स्पीकरवर बोलत होतीस. मला खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता.’ मग भावना: ‘मी वैतागले, आणि सकाळी कामावर कसं जमेल याची धास्ती वाटली.’

गरजेपाशी पुन्हा पाय घसरतो. ‘तू फोन बंद करावास, ही माझी गरज आहे’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. तो उपाय झाला. गरज झोपेची आहे, आणि गरजेत समोरच्या माणसाचं नाव येत नाही. हे वेगळं काढलं की वाटा मोकळ्या होतात: इअरफोन, तिची खोली, बंद दार. विनंती त्यातल्या एकीची, स्पष्ट आणि लगेच करता येईल अशी: ‘अकरानंतर इअरफोन लावून तुझ्या खोलीतून बोलणं जमेल का?’ ‘जरा समजून घे’ यावर तिने नेमकं काय करायचं?

असंच बोललो, पण तो सरळ ‘नाही जमणार’ म्हणाला. पद्धत फसली?

नकार ऐकून तुमचं डोकं तापलं का? तापलं असेल तर तो विनंतीच्या वेषातला हुकूमच होता. त्याच्या नकारामागेही गरज असेल. खोलीत रेंज मिळत नसेल, किंवा घरची माणसं त्याच वेळी मोकळी होत असतील. विचारा, आणि मग दुसरी विनंती करा. दोन-तीनदा बसूनही गाडी तिथेच अडली, तर दोघांनाही मान्य असलेला मध्यस्थ किंवा समुपदेशक बोलवा.

चार महिन्यांचं सगळं लिहून ठेवलंय. एकदाच बसून वाचून दाखवू?

चार महिने थांबलात कशाला? वही मिटा. सर्वांत ताजा एक प्रसंग घ्या, याच आठवड्यात बोला. यादी ऐकणारा माणूस पहिल्या दोन मुद्द्यांनंतर फक्त बचाव जुळवत बसतो. बोलायला बसलात की हातपाय थरथरत असतील, तर आधी समुपदेशकाकडे एक बैठक करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर तयार वाक्यांचा साचा आलाय. शिवाय दोन दिवसांत ‘तज्ज्ञ’ करणारी कार्यशाळाही आहे. काय घेऊ?

काहीच नको. पाठ केलेलं वाक्य समोरच्याला ओळखू येतं, आणि दोन दिवसांत फार तर चार शब्द पाठ होतात. शिकायचंच असेल तर नियमित सराव घेणारा गट शोधा. पैसे भरण्याआधी तिथे शिकलेल्या दोघांशी बोला.

तो चिडला की दारावर लाथा मारतो. एकदा मला दारात अडवून धरलं. पायऱ्या कुठून सुरू करू?

सुरूच करू नका. माणूस अडवून धरतो तेव्हा आधी सुरक्षित जागी जायचं. धोक्याच्या वेळी संरक्षणासाठी बळ वापरणं रोझेनबर्गच्या मांडणीतही बसतं. आज रात्री दुसरीकडे राहा, विश्वासातल्या माणसाला सांगा. पुन्हा अडवलं तर पोलिसांना फोन करा, आणि पुढचं काय ते वकिलाला विचारून ठरवा. एकट्याने त्याच्याशी बोलायला परत जाऊ नका.