वारस दाखला: अर्जात कोणाची नावं हवीत?

माझे पती सात महिन्यांपूर्वी गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, नॉमिनेशन केलेलं नव्हतं. सोसायटी वारस दाखला मागते. तलाठ्याकडे गेले तर ते म्हणाले, आमच्याकडे मिळत नाही. मग मिळतो कुठे? – एक वाचक, कोथरूड

ताई, तलाठ्यांनी तुम्हाला बरोबर सांगितलं. तलाठी करतात ती सातबाऱ्यावरची वारस नोंद. ती महसुली दप्तरातली नोंद असते, मालकीचा निवाडा नव्हे. सोसायटीला हवा असलेला दाखला दिवाणी न्यायालय देतं. त्याचा आधार म्हणजे 1827 चा मुंबई विनियम आठवा. दोनशे वर्षांच्या घरात पोचलेला हा कायदा आजही आपल्याकडे रोज वापरला जातो.

तुमचे पती अखेरपर्यंत कोथरूडलाच राहत असतील, तर अर्ज शिवाजीनगरच्या न्यायालयात करायचा. अर्ज वारसाने करायचा असतो. म्हणजे तुम्ही करू शकता, मुलगा किंवा मुलगी करू शकते, किंवा सगळे मिळूनही करू शकता. मृत्युपत्र असेल, तर त्यात नेमलेल्या व्यवस्थापकालाही अर्ज करता येतो. अर्जाला मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारे कागद (रेशन कार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला), फ्लॅटचा करारनामा, सूची क्रमांक दोन आणि शेअर सर्टिफिकेट जोडा. हे सगळं एका टेबलावर मांडा आणि प्रत्येक कागदावरचं पतीचं नाव बोट ठेवून वाचा. करारनाम्यात वडिलांचं नाव पूर्ण आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं आद्याक्षर, असा फरक जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. तो अर्जातच मांडून शपथपत्र जोडलंत, तर पुढे तारीख पडत नाही.

अर्ज दाखल झाला की न्यायालय जाहीर नोटीस काढतं आणि हरकत घ्यायला एक महिना देतं. त्यानंतर तुमचं पुराव्याचं शपथपत्र होतं. हरकत आली नाही आणि कागद पुरेसे असले, तर दाखल्याचा आदेश होतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-13 प्रमाणे सोसायटीला वारस दाखल्याखेरीज हक्कदारांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तावरही नाव लावता येतं. घरात सगळ्यांचं एकमत असेल, तर सचिवांना हे कलम दाखवून लेखी उत्तर मागा. कोर्टाची पायरी कदाचित चढावीच लागणार नाही.

वडील वारले. आई, मी आणि विवाहित बहीण आहोत. मोठा भाऊ चार वर्षांपूर्वीच गेला. वहिनी आणि पुतण्या वेगळे राहतात. गावाकडे आजी (वडिलांची आई) आहे. अर्जात आम्हा तिघांचीच नावं टाकली तर चालेल ना? – एक वाचक, हडपसर

नाही चालणार. आणि दाखले अडकतात किंवा पुढे रद्द होतात, ते नेमके याच चुकीमुळे.

तुम्ही हिंदू आहात आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, असं धरून सांगतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पहिले हक्कदार, म्हणजे वर्ग एकचे वारस, मुख्यतः हे असे: पत्नी, मुलगे, मुली, आई, आधी गेलेल्या मुलाची पत्नी व मुलं आणि आधी गेलेल्या मुलीची मुलं. तुमच्याकडे त्याचा हिशेब असा होतो. तुमची आई, तुम्ही, बहीण आणि आजी यांचा प्रत्येकी एक पंचमांश. उरलेला एक पंचमांश दिवंगत भावाच्या शाखेचा. तो वहिनी आणि पुतण्यात निम्मा-निम्मा, म्हणजे प्रत्येकाला एक दशांश.

बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही. वहिनी वेगळ्या राहतात म्हणून त्या वारस नाहीत, असंही नाही. सगळ्यात जास्त विसरली जाते ती आजी. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबानं आजींचं नाव “त्यांना काय करायचंय आता” म्हणून गाळलं होतं. नोटीस लागली, आत्याच्या मुलानं ती वाचली आणि हरकत आली. शेवटी ऐंशी पार केलेल्या आजींना नातीचा हात धरून कोर्टात यावं लागलं, थरथरत्या हातानं अंगठा उमटवावा लागला. पहिल्याच अर्जात नाव असतं, तर त्यांचं ना हरकत शपथपत्र घरच्यांना सवडीनं करून घेता आलं असतं. तो अंगठा आठवला की मला अजून वाईट वाटतं.

आजीला हिस्सा नको असेल, तरी नाव गाळायचं नसतं. आधी वारस म्हणून नाव लावायचं आणि मग तिनं स्वखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. पुतण्या अल्पवयीन असेल, तर त्याच्या वतीनं वहिनी अर्जात सामील होतील. मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांना त्याचा हिस्सा सोडता येणार नाही. पुढे फ्लॅट विकताना खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा हेच बघतो.

हा हिशेब वडिलांपुरता. आई वारली, तर नियम बदलतात: तिचे पहिले वारस पती आणि मुलं. मुस्लिम कुटुंबात त्यांचा वैयक्तिक कायदा लागतो.

बँकेत वडिलांची ठेव आहे, नॉमिनी मी आहे. भाऊ म्हणतो पैसे तुझे नाहीत, वारस दाखला आण. कोण बरोबर? – एक वाचक, पिंपरी

अर्धे तुम्ही, अर्धा तो. नॉमिनी असल्यावर बँकेनं तुमच्याकडे वारस दाखला मागायचं कारण नाही, ती रक्कम तुमच्या हातात देईल. पण ती तुम्ही सगळ्या वारसांच्या वतीनं घेता. विम्याबाबत डिसेंबर 1983 मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: नॉमिनी हा मालक नव्हे.

नॉमिनी नसता आणि रक्कम मोठी असती, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र लागलं असतं. ते 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळतं आणि ठेवी, शेअर्स, येणी यांच्यापुरतंच असतं. त्याची कोर्ट फी रकमेनुसार आकारतात, महाराष्ट्रात कमाल 75,000 रुपये. फ्लॅटसाठी त्याचा उपयोग नाही. म्हणून मिळकतीत घर आणि ठेवी दोन्ही असतील, तर कोणत्या कामाला कोणता कागद लागतो हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

बहीण सही देत नाही. भाऊ अमेरिकेत आहे. अर्ज अडेल का? – एक वाचक, बिबवेवाडी

बहिणीच्या सहीवाचून अर्ज अडत नाही. तिला सामनेवाली करा आणि पत्ता बरोबर द्या, न्यायालय नोटीस काढेल. ती आली नाही किंवा येऊनही हरकत घेतली नाही, तर काम पुढे चालतं. मात्र “हे घर माझ्या पैशानं घेतलं” किंवा “वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं” असं ती म्हणाली, तर या अर्जात त्याचा कायमचा निकाल लागत नाही. वाद गुंतागुंतीचा असेल तर दाखला थांबतो आणि दावा लावावा लागतो. अशा वेळी आधी तिच्याशी बोलून बघा. खरी अडचण पुष्कळदा हिस्सा नसतोच, कुणी विचारलं नाही याचं दुःख असतं.

भावानं तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्या. ही मुदत लोक हमखास चुकवतात, म्हणून पाकीट हातात येईल त्या दिवशी त्यावर तारीख टाकून ठेवा.