एक्यूआय दीडशे म्हणजे हवेत नेमकं किती?

एक्यूआय १५० दाखवतो तेव्हा हवेत १५० मायक्रोग्रॅम धूळ असते का? हा आकडा काढतात तरी कसा? (एक वाचक, पुणे)

नाही. हवेत धूळ किती हे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मोजतात. एक्यूआय हा त्या मोजमापावरून ठरवलेला बिनएककाचा आकडा आहे.

समजा, एका केंद्रावर चोवीस तासांची सरासरी अशी आली: पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूळ ७५, पीएम १० म्हणजे थोडी जाड धूळ १६०, आणि नायट्रोजन डायऑक्साइड ६०. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत प्रत्येक प्रदूषकाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पीएम २.५ चं प्रमाण ३० असलं की निर्देशांक ५०, ६० ला १००, ९० ला २००, १२० ला ३०० आणि २५० ला ४००. दोन पायऱ्यांच्या मधला आकडा सरळ प्रमाणात काढायचा. आपले ७५ हे ६० आणि ९० च्या बरोबर मध्ये येतात, म्हणून निर्देशांक १५०. पीएम १० च्या पायऱ्या वेगळ्या आहेत. तिथे १०० ला १०० आणि २५० ला २००, त्यामुळे १६० चा निर्देशांक १४० येतो. नायट्रोजन डायऑक्साइडच्या ६० चा येतो ७५.

आता या तिघांची सरासरी काढायची नाही. सर्वांत मोठा आकडा हाच त्या दिवसाचा एक्यूआय, म्हणजे १५०, वर्ग ‘मध्यम’. नियमानुसार किमान तीन प्रदूषकांची मोजणी लागते आणि त्यांत एक तरी धुळीची हवी.

यात दोन गोष्टी लपून राहतात. एक म्हणजे, फक्त धूळ वाढलेला दिवस आणि धुळीबरोबर वायूही वाढलेला दिवस, दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो. दुसरी म्हणजे पायऱ्यांची रुंदी सारखी नाही. एक्यूआय १५० वरून १३० वर आला तर हवेतली सूक्ष्म धूळ फक्त ६ मायक्रोग्रॅमनं घटलेली असते. ३५० वरून ३३० वर आला तर मात्र २६ नं. त्यामुळे ‘वीस अंकांनी सुधारणा’ अशी बातमी वाचली की मी आधी मूळ प्रमाण शोधतो. बहुतेक ॲपमध्ये ते खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं.

एकाच ठिकाणी, एकाच वेळी एका ॲपवर ७५ आणि दुसऱ्यावर १२४. यातलं खोटं कोण? (एक वाचक, नवी मुंबई)

बहुधा कुणीच नाही. पीएम २.५ चं प्रमाण ४५ असेल तर भारतीय पायऱ्यांनुसार ७५ येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या २०२४ साली सुधारलेल्या पायऱ्यांनुसार त्याच ४५ चा १२४ होतो आणि वर्ग बदलून ‘संवेदनशील लोकांसाठी हानिकारक’ असा होतो. परदेशी ॲप बऱ्याचदा अमेरिकी पद्धत वापरतात. शिवाय काही ॲप चोवीस तासांची सरासरी न घेता ताज्या तासांना जास्त वजन देतात.

यातलं बरोबर कोणतं, असं विचाराल तर ‘समाधानकारक’ हा शब्द मला खटकतो. चोवीस तासांसाठी भारताची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुचवलेली पातळी १५. आपला एक्यूआय ५० च्या आत, हिरव्या रंगात असतानाही हवेत त्या पातळीच्या दुप्पट, म्हणजे ३० पर्यंत धूळ असू शकते. म्हणून तुलना करायची तर एक्यूआयची करू नका, मायक्रोग्रॅमची करा. दोन्ही ॲपवर ४५ च दिसेल, निदान त्याच्या आसपास.

माझं दुकान हमरस्त्यावर, सिग्नलपाशी आहे. जवळचं केंद्र ‘समाधानकारक’ म्हणतं, पण संध्याकाळी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. (एक वाचक, पुणे)

तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. आधी सरासरीचं गणित बघा. सकाळच्या गर्दीचे चार तास आणि संध्याकाळचे चार तास सूक्ष्म धूळ १०० असेल आणि उरलेले सोळा तास ४० असेल, तर दिवसाची सरासरी बरोबर ६० येते. एक्यूआय १००, अजूनही ‘समाधानकारक’. पण तुम्ही दुकानात असता नेमके त्या १०० च्या वेळेला. तीच हवा दिवसभर राहिली असती तर एक्यूआय २३३ आला असता, म्हणजे ‘खराब’.

दुसरं कारण अंतराचं. केंद्र शहराच्या एका भागाची हवा सांगावं म्हणून बसवलेलं असतं. सिग्नलला थांबलेल्या बसच्या मागचा धूर सांगणं हे त्याचं काम नव्हे. वाहनांच्या ताज्या धुराचा जोर रस्त्यापासून शे-दोनशे मीटरांत बराच ओसरतो.

तिसरं कारण मोजमापाचं. नळकांड्यातून नुकतेच निघालेले कण बहुतेक ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. त्यांची संख्या प्रचंड, पण वजन नगण्य. पीएम २.५ वजनात मोजतात, त्यामुळे या कणांची त्यात जवळपास नोंदच होत नाही. रस्त्यालगतच्या धुराचा अंदाज हवा असेल तर त्याच केंद्रावरचा नायट्रोजन डायऑक्साइडचा तासागणिक आलेख बघा. तो वाहतुकीबरोबर वरखाली होतो. (विजेच्या गाड्या आल्या की हे संपेल असं समजू नका. नळकांड्याचा धूर जाईल, पण ब्रेक-टायरची झीज आणि रस्त्यावरून उडणारी धूळ राहीलच.)

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टर म्हणाले, ट्रॅफिकच्या धुरापासून जपा. धूर जातो फुप्फुसात, मग हृदयाचा काय संबंध? (एक वाचक, ठाणे)

जाड धूळ नाकात, घशात अडकते. २.५ मायक्रॉनच्या आतले कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि तिथे ते झाडून काढणारे केस नसतात. शरीर त्यांच्याशी दाहानं लढतं. हा दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्त गोठण्याकडे झुकतं, हृदयाच्या ठोक्यांचं नियंत्रण ढासळतं. वाहिन्यांमध्ये आधीच चरबीचे थर असलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं.

जर्मनीतल्या ऑग्सबर्ग भागात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांना आदल्या काही दिवसांत ते कुठे, काय करत होते हे विचारलं गेलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झटक्याच्या आदल्या तासात वाहतुकीत असण्याचा आणि झटक्याचा ठळक संबंध दिसला. त्यात ताण आणि आवाजाचाही वाटा असू शकतो, सगळा दोष धुळीच्या माथी मारता येत नाही. लंडनमधला २००७ चा प्रयोग जास्त काटेकोर होता. दमा असलेले साठ जण एकदा डिझेल बस-टॅक्सींच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालले, एकदा हाइड पार्कमध्ये. श्वास जोरात सोडण्याची क्षमता रस्त्यावर ६ टक्क्यांपर्यंत घसरली, बागेत २ टक्क्यांच्या आसपास. शहर तेच, फरक फक्त वाटेचा.

मग त्यांनी फिरायला कधी जावं? आणि मास्क? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

थंडीत पहाटे नको. त्या वेळी जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असते, त्यामुळे रात्रभरचा धूर वर जात नाही आणि सकाळच्या गर्दीचा त्यातच मिसळतो. ऊन चढल्यावर, दहा-साडेदहानंतर हवा ढवळली जाते. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन वाढतो आणि उकाडाही असतो, तेव्हा सकाळच बरी. वेळ बदलणं जमत नसेल तर मुख्य रस्ता सोडून आतली गल्ली किंवा मैदान निवडा.

कापडी मास्क सूक्ष्म धुळीला फारसा अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला कडेनं घट्ट बसला तरच, म्हणजे दाढी असेल तर नाही. वायू तोही अडवत नाही. त्यातून श्वास घ्यायला जोर लागतो, म्हणून वडिलांना तो घालून चालता येईल का, हे आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.